जर्मनीतल्या खासगी कॉलेजची मान्यता फी भरण्याआधी कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मनीत राहतो. दर वर्षी मे-जूनमध्ये नाशिक, सांगली, पुणे, म्हापसा इथून ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीच्यांचे फोन येतात. मुलाला किंवा मुलीला ‘जर्मनीतल्या युनिव्हर्सिटी’चं ऑफर लेटर आलेलं असतं, फीचा पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा असतो आणि प्रश्न एकच असतो: हे खरं आहे ना? सरकारी विद्यापीठांबद्दल हा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडतो वर्षाला दहा-पंधरा हजार युरो घेणाऱ्या, फारशा कुणी नाव न ऐकलेल्या खासगी कॉलेजांबद्दल. त्या फोनवर मी जे सांगतो, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नक्की कोणाची मान्यता?

आपल्याकडे यूजीसी आहे, तसं सगळ्या देशासाठी एकच खातं जर्मनीत नाही. तिथे उच्च शिक्षण राज्यांच्या अखत्यारीत येतं आणि राज्यं सोळा आहेत. खासगी संस्थेला विद्यापीठ म्हणून चालायचं आणि पदवी द्यायची असेल तर ती संस्था ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या मंत्रालयाची मान्यता लागते. अशा संस्थेच्या नावापुढे `staatlich anerkannt` असे दोन शब्द दिसतात, म्हणजे ‘राज्यानं मान्यता दिलेली’. नुसतं `staatlich` असेल तर ते विद्यापीठ राज्याचंच आहे.

ही झाली संस्थेची मान्यता. तिच्या खाली दुसरा थर असतो तो अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा. एम.एस्सी.चा एखादा विशिष्ट कोर्स ठरलेल्या दर्जाला उतरतो का, हे वेगळं तपासलं जातं. एजंटशी बोलताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, कारण तो दोन्हीला ‘अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणतो. त्याला विचारायचे प्रश्न दोनच: पदवीवर कोणत्या संस्थेचं नाव छापलं जाणार, आणि पदवी देण्याचा अधिकार त्या संस्थेला कोणी दिला? बाकी सगळी तपासणी या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच आहे.

संस्थेची मान्यता घरबसल्या कुठे पाहायची?

`hochschulkompass.de` या साइटवर. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरूंची जी परिषद आहे, ती ही साइट चालवते आणि इंग्रजीतही पाहता येते. जर्मनीतली सरकारी आणि राज्यमान्य विद्यापीठं इथे नोंदलेली असतात. संस्थेचं नाव टाका, पान उघडा आणि ती कोणाच्या मालकीची आहे ते वाचा. सरकारी, खासगी पण राज्यमान्य, किंवा चर्चची पण राज्यमान्य, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. पीएच.डी. देण्याचा अधिकार आहे की नाही, तेही त्याच पानावर सापडतं.

नाव सापडलं नाही तर लगेच घाबरू नका. जर्मन नावात डोक्यावर दोन ठिपके असलेली अक्षरं असतात. ‘München’ हे ‘Muenchen’ असं लिहून पाहा, किंवा फक्त शहराचं नाव टाकून त्या शहरातल्या सगळ्या संस्थांची यादी चाळा. जाहिरातीतलं इंग्रजी नाव आणि नोंदणीतलं जर्मन नाव वेगळं असणंही नेहमीचंच आहे. एवढं करूनही संस्था दिसली नाही, तर ती स्वतःची जर्मन पदवी देणारी संस्था नाही असं समजून पुढचा तपास करा.

नाव शोधण्याचा एक सोपा मार्ग खुद्द कॉलेजच्या वेबसाइटवरच असतो. जर्मनीत प्रत्येक व्यावसायिक वेबसाइटवर `Impressum` नावाचं पान कायद्यानं बंधनकारक आहे. ते सहसा सगळ्यात खाली बारीक अक्षरांत असतं. साइट चालवणाऱ्या कंपनीचं खरं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि जबाबदार व्यक्ती तिथे दिलेल्या असतात. राज्यमान्य विद्यापीठ असेल तर बहुतेक वेळा देखरेख करणाऱ्या मंत्रालयाचं नावही तिथेच मिळतं. मी कुणाचंही ऑफर लेटर पाहण्याआधी हे पान पाहतो. रंगीत ब्रोशरमध्ये काहीही लिहिता येतं, पण या पानावर खोटं लिहिलं तर कंपनी कायद्याच्या कचाट्यात सापडते, म्हणून इथली भाषा एकदम सरळ होते.

संस्था सापडली. आता कोर्स कसा तपासायचा?

जर्मनीत अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जी परिषद आहे तिचं नाव `Akkreditierungsrat`. ती बॉनमध्ये आहे. `akkreditierungsrat.de` वर तिचा डेटाबेस खुला आहे. संस्थेचं नाव टाकलं की तिचे मान्यता मिळालेले कोर्स दिसतात.

इथे घाई करू नका. कोर्सचं नाव ऑफर लेटरवरच्या नावाशी शब्दशः जुळतं का ते पाहा. पदवी एम.एस्सी. आहे की एम.ए. की एम.बी.ए., तेही पाहा. मान्यता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचा. ती साधारण आठ वर्षांसाठी दिली जाते. मुलाचा कोर्स संपायच्या आधीच मुदत संपत असेल तर नूतनीकरण कुठवर आलंय हे कॉलेजला विचारायला हरकत नाही. काही वेळा मान्यतेला `Auflagen` म्हणजे अटी जोडलेल्या असतात आणि त्या ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या असतात. अटी असणं वाईट नाही, पण त्या कशाबद्दल आहेत ते वाचलं की बरंच कळतं. ‘पुरेसे पूर्णवेळ प्राध्यापक नेमा’ ही अट आणि ‘अभ्यासक्रमाची पुस्तिका अद्ययावत करा’ ही अट, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही विद्यापीठांची अंतर्गत दर्जा तपासणीची सगळी व्यवस्थाच मान्यताप्राप्त असते आणि ती आपले कोर्स स्वतः प्रमाणित करू शकतात. तरीही अशा कोर्सची नोंद या डेटाबेसमध्ये शोधून पाहावी.

आणि ‘सर्टिफिकेट’, ‘डिप्लोमा’, ‘पाथवे’, ‘फाउंडेशन’, ‘प्री-मास्टर्स’ असे शब्द आले की थांबा. राज्यमान्य विद्यापीठात शिकवलेला प्रत्येक कोर्स पदवीचा नसतो.

एजंट म्हणतो, “anabin वर H+ आहे, अजून काय पाहिजे?”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्यानं ‘एच’ म्हटलं की ‘प्लस’ मीच म्हणतो. `anabin.kmk.org` हा जर्मन सरकारी यंत्रणेचाच डेटाबेस आहे, पण तो परदेशी शिक्षणासाठी आहे. पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ जर्मनीच्या दृष्टीनं मान्य आहे का, हे तिथे पाहायचं. `H+` म्हणजे संस्था मान्य, `H-` म्हणजे नाही, आणि `H+/-` म्हणजे एका शब्दात उत्तर नाही, प्रत्येक पदवी वेगळी तपासावी लागेल.

त्यामुळे जर्मनीतल्या एखाद्या कॉलेजबद्दल कोणी anabin दाखवू लागला तर कान टवकारा. खरोखरची जर्मन पदवी असेल तर तिच्यासाठी anabin दाखवायची गरज पडत नाही. दाखवावं लागतंय याचा अर्थ बहुधा असा, की पदवी दुसऱ्याच देशातल्या विद्यापीठाची आहे आणि जर्मनीत फक्त वर्ग भरतात. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही. पण मग तपासाचा रस्ता बदलतो.

कॉलेज बर्लिनमध्ये, पण पदवी ब्रिटिश विद्यापीठाची. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून माझ्या भाच्याचीच गोष्ट सविस्तर सांगतो. तो मिरजेचा, बी.एस्सी. झालेला. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीमार्फत त्याला बर्लिनमधल्या एका संस्थेचं ऑफर लेटर आलं. कोर्स डेटा अ‍ॅनालिटिक्समधला एम.एस्सी., फी १३,८०० युरो, ‘सीट लॉक’ करायला ३,५०० युरो सात दिवसांत. बहिणीनं मला रात्री साडेअकराला फोन केला, म्हणजे तिकडे पहाटेचे तीन. ती झोपलीच नव्हती.

पत्राच्या वरच्या बाजूला बर्लिनच्या संस्थेचा लोगो होता. नावात ‘इन्स्टिट्यूट’ होतं. जर्मनीत `Universität`, `Hochschule` हे शब्द नावात वापरायला राज्याच्या कायद्याचं बंधन असतं. ‘इन्स्टिट्यूट’, ‘कॉलेज’, ‘बिझनेस स्कूल’ असं नाव लावायला तेवढी आडकाठी नसते. त्यामुळे नावातच पहिला इशारा होता. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पदवी इंग्लंडमधलं एक भागीदार विद्यापीठ देईल.

आधी मी `Impressum` उघडलं. तिथे एका जर्मन मर्यादित कंपनीचं नाव होतं, तिचा नोंदणी क्रमांक होता, संचालकाचं नाव होतं. मंत्रालयाचा उल्लेख नव्हता. कंपनीची नोंदणी `handelsregister.de` वर फुकट पाहता येते. ती पाहिली तर कंपनी खरी होती, पण स्थापन होऊन चारच वर्षं झालेली. मग Hochschulkompass वर शोध घेतला. नाव नाही. म्हणजे जर्मन पदवी नाही, हे पक्कं झालं.

आता पदवी देणारं इंग्लंडमधलं विद्यापीठ तपासायचं. इंग्लंडमध्ये `Office for Students` ही नियामक संस्था नोंदणीकृत संस्थांचं रजिस्टर ठेवते, आणि कोणत्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे ते त्यात दिसतं. विद्यापीठ तिथे होतं, अधिकारही होता. anabin वर पाहिलं तर `H+`. इथवर कन्सल्टन्सीचं म्हणणं बरोबर ठरलं होतं, आणि बहुतेक पालक इथेच थांबून पैसे भरतात.

पुढची पायरी होती त्या इंग्लिश विद्यापीठाची भागीदार संस्थांची यादी. बहुतेक ब्रिटिश विद्यापीठं ती आपल्या वेबसाइटवर देतात. यादीत बर्लिनच्या संस्थेचं नाव होतं. पण तिच्यासमोर एकच कोर्स होता: व्यवसाय व्यवस्थापनातली बॅचलर पदवी. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा एम.एस्सी. कुठेच नव्हता. मी भागीदारीचं काम पाहणाऱ्या विभागाला ईमेल केला, ऑफर लेटर जोडलं आणि विचारलं की हा कोर्स तुमचा आहे का. नऊ दिवसांनी उत्तर आलं: त्या कोर्सच्या मंजुरीची प्रक्रिया चालू आहे. बर्लिनच्या उच्च शिक्षण खात्यालाही लिहिलं होतं. त्यांचं उत्तर जर्मनमध्ये आणि दोन ओळींचं होतं. या अभ्यासक्रमाची नोंद आमच्याकडे नाही.

म्हणजे संस्था खरी, विद्यापीठ खरं, दोघांचा करारही खरा. फक्त ज्या पदवीसाठी पैसे मागत होते ती अजून जन्मालाच आली नव्हती. कन्सल्टन्सीला हे दाखवलं तर तिथला माणूस म्हणाला, “सर, सप्टेंबरपर्यंत होऊन जाईल.” कदाचित झालंही असेल. आम्ही पैसे भरले नाहीत.

तर अशा कॉलेजसाठी तपासायच्या गोष्टी तीन. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला त्याच्या देशात अधिकार आहे का? त्या विद्यापीठानं हा कोर्स, या शहरात, या भागीदाराकडे शिकवायला लेखी मंजुरी दिली आहे का? आणि ज्या जर्मन राज्यात वर्ग भरणार, तिथल्या नियमांत तो बसतो का? परदेशी पदवी आपल्या हद्दीत शिकवण्याबद्दल राज्यागणिक वेगळे नियम आहेत. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या राज्याच्या मंत्रालयाकडूनच घ्या. साध्या इंग्रजीत चार ओळींचा ईमेल पुरतो. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता, कोर्सचं नाव, पदवी देणारं विद्यापीठ एवढं लिहा आणि विचारा की तुमच्या राज्यात याला परवानगी आहे का. उत्तराला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सात दिवसांच्या मुदतीला भुलू नका.

वेबसाइटवर बरेच लोगो आहेत. त्यातला कोणता कामाचा?

पदवीच्या मान्यतेच्या दृष्टीनं बहुतेक कुठलाच नाही.

`AACSB`, `EQUIS`, `AMBA` हे बिझनेस स्कूलसाठीचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्के आहेत. ते मिळवणं कठीण असतं आणि असले तर चांगलंच, पण ते खासगी संस्थांनी दिलेले असतात. पदवी देण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही. `ISO 9001` कारखान्यालाही मिळतं. `ZFU` हे दूरशिक्षणाच्या कोर्ससाठीचं जर्मन सरकारी मंजुरी-चिन्ह आहे. ते ग्राहक संरक्षणासाठी असतं आणि पदवी न देणाऱ्या पत्रव्यवहार-कोर्सलाही लागतं. `AZAV` असेल तर बेरोजगारांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळवण्यासाठीचं ते प्रमाणपत्र आहे. यातलं एकही खोटं नाही. प्रत्येक लोगो खरा असतो, पण उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं देतो.

सगळ्यात फसवा ठरतो तो मान्यता तपासणाऱ्या एजन्सीचा लोगो, उदाहरणार्थ `FIBAA` किंवा `ACQUIN`. या एजन्सी खऱ्या आणि प्रतिष्ठित आहेत. जर्मन परिषदेसाठी कोर्सची तपासणी त्या करतात. पण त्या स्वतःचा वेगळा शिक्काही देतात, अगदी जर्मनीबाहेरच्या संस्थांनासुद्धा. लोगो पाहून यातलं काय मिळालंय ते कळत नाही. त्यासाठी वर सांगितलेला डेटाबेसच उघडावा लागतो.

APS झालंय. मग कॉलेज बरोबरच असणार ना?

नाही. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी APS प्रमाणपत्र लागतं. पण ते तुमच्या भारतातल्या मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत का, हे तपासतं. जर्मनीतल्या कॉलेजबद्दल ते एक शब्दही सांगत नाही.

व्हिसाचंही तसंच. व्हिसा मिळाला म्हणजे सरकारनं पदवीची हमी दिली असं नव्हे. उलट, कॉलेजबद्दल शंका आली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नकाराविरुद्ध दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करायची जुनी सोय जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास फी परत मिळेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

संस्था राज्यमान्य आहे, कोर्सही मान्य आहे. तरी काही चुकू शकतं?

चुकू शकतं, आणि गेल्या काही वर्षांत चुकलंही आहे. जर्मनीत शिकण्याचा निवास-परवाना पूर्णवेळ शिक्षणासाठी मिळतो. मोठ्या खासगी संस्था तोच कोर्स तीन प्रकारांनी विकतात: प्रत्यक्ष वर्गात, संपूर्ण ऑनलाइन, आणि दोन्हींचं मिश्रण. पदवी तीच, मान्यता तीच. पण घरबसल्या शिकता येणाऱ्या कोर्ससाठी जर्मनीत राहायची गरज काय, असा प्रश्न परदेशी नागरिकांचं कार्यालय विचारू शकतं. २०२५ मध्ये बर्लिनमध्ये एका मान्यताप्राप्त खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांबाबत नेमकं हेच घडलं. कोर्स ‘हायब्रिड’ असल्याच्या कारणावरून त्यांना देश सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. लाखो रुपये खर्च झालेले, काहींचं निम्मं शिक्षण झालेलं.

म्हणून ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी शब्दांत लिहून मागा: शिक्षण पूर्णवेळ आहे, ते प्रत्यक्ष वर्गात आहे, आणि वर्ग कोणत्या पत्त्यावर भरतात. जर्मनमध्ये प्रत्यक्ष वर्गातल्या शिक्षणाला `Präsenzstudium` म्हणतात. `Fernstudium` म्हणजे दूरशिक्षण आणि `berufsbegleitend` म्हणजे नोकरी सांभाळून. ऑफर लेटरवर शेवटच्या दोनपैकी एखादा शब्द दिसला तर व्हिसाची वाट बिकट आहे.

पत्त्याचाही आग्रह धरा. मुख्य संस्था एका राज्यात आणि तुमचा वर्ग दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या ऑफिस बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, हे सर्रास दिसतं. कोर्सची मान्यता पाहताना शहर जुळतं का तेही पाहा.

पदवी भारतात परत आल्यावर चालेल का?

पुण्या-बंगळुरूच्या खासगी कंपनीत नोकरी करायची असेल तर बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पण सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी. करायची असेल तर परदेशी पदवीची समकक्षता लागते. यूजीसीनं त्यासाठी २०२५ मध्ये नवे नियम काढले. त्यानुसार संस्था तिच्या देशात मान्य असावी लागते आणि शिक्षण नियमित, प्रत्यक्ष पद्धतीनं झालेलं असावं लागतं. फ्रँचायझी पद्धतीनं मिळवलेल्या पदवीला समकक्षता मिळत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या परदेशातल्या कॅम्पसमधली पदवी असेल तर मूळ देश आणि कॅम्पसचा देश, दोन्हीकडचे नियम पाळलेले असावे लागतात. माझ्या भाच्याची पदवी पुढे मंजूर झाली असती तरी ती नेमकी इथे अडकण्याची शक्यता होती.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, फार्मासिस्ट अशा पेशांचे नियम त्यांच्या त्यांच्या परिषदा ठरवतात, त्यांना हे लागू नाही.

मान्य असलेलं कॉलेज चांगलं असतंच का?

मान्यता म्हणजे किमान पातळी. उंबरठा ओलांडला, एवढंच. आत काय आहे ते वेगळं पाहावं लागतं, आणि त्यासाठी जर्मनीत एक उत्तम साधन आहे जे आपल्याकडचे लोक जवळपास कधीच वापरत नाहीत.

कोलोनमधली `Wissenschaftsrat` ही विज्ञान परिषद राज्यांच्या विनंतीवरून खासगी विद्यापीठांची सखोल तपासणी करते. तज्ज्ञ प्रत्यक्ष जाऊन पाहतात, आणि अहवाल `wissenschaftsrat.de` वर सगळ्यांना वाचायला मिळतो, नकारात्मक असला तरी. तो जर्मनमध्ये असतो, पण ब्राउझरच्या भाषांतरानं काम भागतं. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि विद्यार्थी किती, ग्रंथालय आहे का, पैसा कुठून येतो, विद्यार्थी अर्ध्यात सोडून जातात का, हे सगळं त्यात असतं. मी लोकांना सांगतो की ब्रोशर ठेवा बाजूला आणि या अहवालाची शेवटची पाच पानं वाचा. अगदी नव्या संस्थेचा अहवाल अजून आलेला नसतो, आणि तिला राज्याची मान्यताही बऱ्याचदा मुदतीचीच मिळालेली असते. ती मुदत कधी संपते हे विचारा.

अजून एक खाचखळगा क्रेडिटचा. युरोपात पदवीचं वजन `ECTS` क्रेडिटमध्ये मोजतात, वर्षाला साठ. खासगी कॉलेजांत एक वर्षाचं, साठ क्रेडिटचं मास्टर्स जोरात विकलं जातं, कारण ते लवकर संपतं. पण जर्मनीत बॅचलर आणि मास्टर्स मिळून तीनशे क्रेडिट व्हावेत अशी अपेक्षा असते, आणि पीएच.डी.ला प्रवेश देताना ते मोजले जातात. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. फार तर एकशे ऐंशी धरली जाते. त्यात साठ मिळवले तर दोनशे चाळीसच होतात. पुढे संशोधनाचा विचार असेल तर हा हिशेब आधीच करून ठेवा.

पैसे कधी आणि कुणाच्या खात्यात भरायचे?

वरची सगळी उत्तरं लेखी हातात आल्यावर. आणि खातं `Impressum` वर ज्या कंपनीचं नाव आहे तिचंच हवं. कन्सल्टन्सीच्या भारतातल्या खात्यात ‘फी’ भरू नका. त्यांची स्वतःची सेवा-फी असेल तर तिची वेगळी पावती घ्या. करार वाचताना व्हिसा नाकारल्यास, कोर्स सुरूच झाला नाही तर आणि कोर्सची मान्यता गेली तर काय, या तीन परिस्थितींत किती पैसे किती दिवसांत परत मिळतील ते शोधा. पहिलं कलम बहुतेक ठिकाणी असतं, दुसरं कधीकधी, तिसरं मी फारच क्वचित पाहिलंय. मागितलं तर काही कॉलेजं ईमेलवर लिहून देतात, आणि जी देत नाहीत त्यांच्याबद्दलही काहीतरी कळतंच.

कन्सल्टन्सीवाले वाईट असतात असं नाही. पण खासगी कॉलेज त्यांना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतं, आणि सरकारी विद्यापीठाकडून सहसा काहीच मिळत नाही. सत्तर टक्क्यांच्या मुलालाही ‘तुझं सरकारीत होणार नाही’ असं का सांगितलं जातं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आम्ही आधीच पैसे भरलेत. आता?

तपास आजच करा, कारण कोर्स सुरू होण्याआधी रद्द करणं नंतरपेक्षा स्वस्त पडतं. करारातली रद्द करण्याची मुदत पाहा आणि रद्द करत असल्याचं फोनवर न सांगता ईमेलनं, तारखेसह कळवा. कोर्सबद्दल जे सांगितलं गेलं आणि जे निघालं त्यातला फरक त्या ईमेलमध्ये मुद्देसूद लिहा, मंत्रालयाचं किंवा विद्यापीठाचं उत्तर जोडा. जर्मनीत `Verbraucherzentrale` नावाची ग्राहक सल्ला केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत आणि करार वाचून सल्ला देतात, थोडी फी घेऊन. मुलगा तिकडे पोचला असेल तर परवान्याच्या प्रश्नावर आधी विद्यापीठातल्या विद्यार्थी समितीकडे आणि मग वकिलाकडे जावं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या पत्राला उत्तर द्यायची मुदत छोटी असते, ती चुकवू नका.